घर सोलापुरात, फोटो भलतीकडचे: बनावट प्रॉपर्टी वेबसाइट कशी ओळखायची?

पुण्यात नोकरी, आई-वडील सोलापुरात आणि त्यांच्यासाठी भाड्याचं घर मोबाइलवर शोधायचं. अनेक सोलापूरकर कुटुंबांना हे ओळखीचं वाटेल. घर बघायला लगेच जाता येत नाही, म्हणून फोटो आणि भाडं पाहून निर्णय घ्यावा लागतो. बनावट प्रॉपर्टी वेबसाइट चालवणाऱ्यांना नेमका असाच ग्राहक हवा असतो.

अशा वेबसाइटवरची घरं बहुतेक वेळा पूर्णपणे काल्पनिक नसतात. कुठेतरी खरं घर असतं आणि कुणीतरी त्याचे फोटो खऱ्या वेबसाइटवर टाकलेले असतात. बनावट वेबसाइट ते फोटो, वर्णन आणि किंमत उचलते आणि फक्त शहराचं नाव व फोन नंबर बदलते. त्यामुळे जाहिरात खरी वाटते. पण उचललेला मजकूर नव्या गावाशी पूर्ण जुळत नाही, आणि जिथे तो जुळत नाही तिथेच फसवणूक पकडता येते.

हे कसं करायचं, ते एका नमुना जाहिरातीवरून पाहू. ही जाहिरात समजावण्यासाठी तयार केली आहे, पण तिच्यातली प्रत्येक खूण अशा फसवणुकीत दिसणारी आहे.

नमुना जाहिरात

"जुळे सोलापूर येथे २ बीएचके भाड्याने. ८५० चौरस फूट, पूर्ण फर्निचर. भाडं ७,५०० रुपये, मेंटेनन्स ४,२०० रुपये वेगळा. २४ तास कॉर्पोरेशनचं पाणी, पाइप गॅस, जिम. तीन मजली शांत बिल्डिंग. थेट मालकाशी संपर्क." सोबत सात सुंदर फोटो आणि एक मोबाइल नंबर.

फोन केल्यावर पलीकडची व्यक्ती सांगते, की मालक परगावी आहेत आणि सोसायटीत बाहेरच्यांना सोडत नाहीत. त्यामुळे घर पाहायचं असेल तर आधी २,४९९ रुपयांचा गेटपास काढावा लागेल. घर पसंत पडलं नाही तर पैसे परत.

पहिली तपासणी: जाहिरात त्या गावाची वाटते का?

यासाठी कोणतंही अॅप लागत नाही. जाहिरात एखाद्या सोलापूरकराच्या नजरेने वाचली तरी पुरतं.

सर्वात आधी पाणी. सोलापूर शहराला उजनी धरण, टाकळी आणि हिप्परगा इथून पाणी मिळतं. अनेक वर्षांपासून शहराच्या बहुतांश भागात नळाला रोज नाही, तर काही दिवसांआड पाणी येतं. म्हणून इथे घर बघताना पहिला प्रश्न असतो, "पाणी कितव्या दिवशी येतं?" त्यानंतर हौद किती लिटरचा आहे आणि बोअर आहे का, हे विचारलं जातं. खरा मालक किंवा स्थानिक एजंट याचं उत्तर न अडखळता देतो. "२४ तास कॉर्पोरेशनचं पाणी" हे वाक्य दुसऱ्या शहराच्या जाहिरातीतून आलं असण्याची शक्यता मोठी आहे. बोअर आणि टाकीमुळे घरात २४ तास पाणी असू शकतं, पण मग मालक तसंच सांगेल.

दुसरी विसंगती मेंटेनन्सची. तीन मजली बिल्डिंगमध्ये महिन्याला ४,२०० रुपये मेंटेनन्स कशासाठी? एवढी रक्कम लिफ्ट, जिम आणि सुरक्षारक्षक असलेल्या मोठ्या संकुलात लागू शकते. म्हणजे भाडं एका जाहिरातीतून आणि मेंटेनन्स दुसऱ्या जाहिरातीतून आला असावा.

पत्त्याचा पिन कोडही पाहा. सोलापूर शहराचे पिन कोड ४१३ ने सुरू होतात, पुणे शहराचे ४११ ने. मजकूर कॉपी करताना वरचं शहर बदललं जातं, पण खालचा पिन कोड किंवा नकाशावरची खूण तशीच राहून जाते. नकाशा उघडून खूण जुळे सोलापुरातच पडते का, हे पाहायला अर्धा मिनिट लागतो.

उलट, काही गोष्टींवरून उगाच संशय घेऊ नये. फोटोतल्या दारावर तेलुगू किंवा कन्नड पाटी दिसली म्हणून तो फोटो हैदराबाद किंवा बंगळुरूचा ठरत नाही. सोलापुरात तेलुगू आणि कन्नड बोलणारी हजारो कुटुंबं पिढ्यान् पिढ्या राहतात.

दुसरी तपासणी: फोटो आधी कुठे आला होता?

फोटोचा स्क्रीनशॉट घ्या आणि तो गूगल लेन्समध्ये किंवा tineye.com वर टाका. तोच फोटो इंटरनेटवर आणखी कुठे आहे, हे त्यातून दिसतं. टिनआयवर निकाल जुन्यापासून लावण्याची सोय आहे. त्यामुळे फोटो सर्वात आधी कुठे सापडला होता, याचा अंदाज येतो.

इथे बहुतेक जण एक चूक करतात. ते पूर्ण फोटो टाकतात, त्यात सोफा मोठा दिसतो आणि लेन्स तसेच सोफे विकणारी दुकानं दाखवतं. म्हणून फोटो कापून घ्या. स्वयंपाकघरातल्या टाइल्सची नक्षी, खिडकीच्या ग्रीलचा आकार किंवा बाल्कनीतून दिसणारी समोरची इमारत, असा वेगळा भाग शोधला तर खरा निकाल मिळण्याची शक्यता वाढते.

काही वेळा पकडलं जाऊ नये म्हणून फोटो आरशासारखा उलटा केलेला असतो. भिंतीवरचं कॅलेंडर, घड्याळाचे आकडे किंवा टीव्हीवरची अक्षरं उलटी दिसली तर हे लगेच कळतं. अक्षरं नसतील, तर मोबाइलच्या एडिटमध्ये 'फ्लिप' करून तोच फोटो पुन्हा शोधून पाहा.

समजा, नमुना जाहिरातीतला स्वयंपाकघराचा फोटो पुण्यातल्या वाकडच्या एका जुन्या जाहिरातीत सापडला. तिथे मेंटेनन्स ४,२०० रुपये, पाइप गॅस आणि जिम, सगळं लिहिलेलं आहे. मग सोलापूरच्या जाहिरातीत न पटणाऱ्या तिन्ही गोष्टी कुठून आल्या, हे उघड झालं.

पण या तपासणीला दोन मर्यादा आहेत. फोटो दुसरीकडे सापडला म्हणजे फसवणूकच, असं नाही. एकच मालक किंवा एजंट एका घराची जाहिरात चार वेबसाइटवर टाकतो आणि ते रीतसर आहे. तुम्हाला पाहायचंय ते हे, की त्याच फोटोसोबत वेगळं शहर, वेगळं क्षेत्रफळ किंवा वेगळा मालक दिसतो का. दुसरं म्हणजे, काहीच सापडलं नाही म्हणून जाहिरात खरी ठरत नाही. व्हॉट्सअॅप ग्रुपमधून किंवा व्हिडिओतून उचललेले फोटो या शोधात येत नाहीत.

तिसरी तपासणी: किंमत फक्त स्वस्त आहे की विसंगत?

"फारच स्वस्त असेल तर सावध राहा" हा सल्ला सगळ्यांना माहीत असतो. पण कॉपी केलेली किंमत अनेकदा स्वस्त वाटतच नाही. ती खऱ्या जाहिरातीतून आलेली असल्यामुळे अगदी नेहमीसारखी दिसते. म्हणून आकडा किती, यापेक्षा तो त्या घराशी जुळतो का, हे पाहावं लागतं.

भाड्याच्या घरासाठी सोपा उपाय म्हणजे त्याच भागातल्या पाच-सहा जाहिराती दोन-तीन प्रस्थापित वेबसाइटवर पाहणं आणि तिथे राहणाऱ्या एखाद्या ओळखीच्या माणसाला विचारणं.

विकत घ्यायच्या घरासाठी आणखी एक आधार आहे. राज्याचा नोंदणी व मुद्रांक विभाग प्रत्येक भागासाठी मालमत्तेचे दर ठरवतो. बोलीभाषेत त्याला रेडी रेकनर म्हणतात. igrmaharashtra.gov.in वर जिल्हा, तालुका आणि गाव निवडून हे दर मोफत पाहता येतात. ते चौरस मीटरमध्ये असतात, जाहिराती मात्र चौरस फुटांत असतात. १ चौरस मीटर म्हणजे साधारण १०.७६ चौरस फूट.

समजा, ७०० चौरस फूट बिल्टअप फ्लॅटची किंमत १३ लाख दिली आहे. ७०० चौरस फूट म्हणजे सुमारे ६५ चौरस मीटर. १३ लाख भागिले ६५ केलं की चौरस मीटरला २०,००० रुपये येतात. त्या भागाचा सरकारी दर याहून बराच जास्त असेल, तर प्रश्न विचारायला हवा. व्यवहार कमी किमतीत झाला तरी मुद्रांक शुल्क सरकारी मूल्य आणि व्यवहाराची किंमत यांपैकी जी रक्कम जास्त असेल तिच्यावर लागतं. त्यामुळे सरकारी दरापेक्षा खूप खाली घर विकायला काढण्यामागे खऱ्या मालकाकडे काहीतरी कारण असायला हवं. जुनी इमारत किंवा वारसांचा वाद अशी कारणं असू शकतात. "मालकाला अर्जंट पैसे हवेत" एवढंच उत्तर पुरेसं नाही.

चौथी तपासणी: वेबसाइट कधी सुरू झाली?

वेबसाइटच्या नावाची नोंदणी कधी झाली, हे कुणालाही पाहता येतं. lookup.icann.org वर ते नाव टाका आणि नोंदणीची तारीख पाहा. शेवटी .in असलेल्या नावांसाठी registry.in वरही ही सोय आहे. "दहा वर्षांपासून विश्वासार्ह सेवा" असं लिहिणाऱ्या वेबसाइटचं नाव तीन आठवड्यांपूर्वी नोंदलेलं असेल, तर पुढे जायची गरजच नाही. मात्र जुनं नाव विकत घेऊनही बनावट वेबसाइट चालवता येते, त्यामुळे जुनी तारीख हा खरेपणाचा पुरावा नाही.

पत्त्याच्या आधी दिसणाऱ्या कुलपाच्या चिन्हाचाही चुकीचा अर्थ घेतला जातो. तुमचा मोबाइल आणि ती वेबसाइट यांच्यातली माहिती वाटेत कुणी वाचू शकत नाही, एवढंच ते सांगतं. समोरची वेबसाइट चोराची आहे की सावाची, हे त्यावरून कळत नाही.

पत्ता वाचताना https:// नंतरच्या पहिल्या तिरप्या रेषेच्या आधीचा शेवटचा भाग पाहा. वेबसाइटची खरी ओळख तिथे असते. त्याच्या आधी कितीही ओळखीचं नाव लिहिलेलं असलं, तरी त्याला अर्थ नाही.

म्हाडाच्या नावाने काय झालं होतं?

हा शेवटचा भाग किती महत्त्वाचा आहे, हे २०२४ मध्ये दिसलं. ऑगस्टमध्ये म्हाडाच्या मुंबई मंडळाने २,०३० घरांच्या सोडतीची जाहिरात काढली. त्याच सुमारास म्हाडाच्या अधिकृत वेबसाइटसारखीच दिसणारी एक बनावट वेबसाइट समोर आली. रचना आणि मजकूर सारखा होता, पण पत्त्याच्या शेवटी .gov.in ऐवजी .org होतं. गोरेगावमधलं घर सोडतीशिवाय मिळवून देण्याचं आमिष दाखवून पैसे घेतल्याचं उघड झालं आणि म्हाडाने सायबर पोलिसांकडे तक्रार दिली.

म्हाडाची घरं सोडतीने दिली जातात, हे बहुतेकांना माहीत असतं. तरीही वेबसाइट हुबेहूब दिसली की "आतून ओळख असेल" असं वाटू लागतं. सोलापूर जिल्हा म्हाडाच्या पुणे मंडळात येतो आणि या मंडळाच्या सोडतींमध्ये सोलापूरची घरंही असतात. त्यामुळे सोडतीच्या काळात आलेली लिंक उघडण्याऐवजी mhada.gov.in हा पत्ता स्वतः टाइप करणं केव्हाही चांगलं.

महारेरा नंबर असला म्हणजे झालं का?

नव्या गृहप्रकल्पाच्या जाहिरातीत महारेरा नोंदणी क्रमांक असणं बंधनकारक आहे. १ ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोडही द्यावा लागतो. पण कॉपी करणारा फोटोबरोबर हा नंबरही उचलतो. म्हणून नंबर आहे की नाही, यावर थांबू नका. maharera.maharashtra.gov.in वर स्वतः जाऊन तो शोधा आणि प्रकल्पाचं नाव, बिल्डरचं नाव आणि तालुका जाहिरातीशी जुळतो का, ते पाहा. दुसऱ्या जिल्ह्यातला खरा नंबर सोलापूरच्या जाहिरातीत वापरला असेल, तर इथेच कळतं. क्यूआर कोड स्कॅन केला, तर उघडलेल्या पानाचा पत्ता maharashtra.gov.in ने संपतो का, तेही पाहा.

महारेराची मर्यादाही लक्षात ठेवायला हवी. भाड्याचं घर आणि जुन्या घराची पुनर्विक्री यांना प्रकल्प म्हणून असा नंबर नसतो. ५०० चौरस मीटरपर्यंतच्या जमिनीवरचे किंवा आठपर्यंत सदनिकांचे प्रकल्पही नोंदणीतून वगळलेले आहेत. आणि नोंदणी असली तरी सगळं ठीक असेलच असं नाही. कल्याण-डोंबिवलीत महापालिकेच्या बनावट बांधकाम परवानग्या दाखवून ६५ इमारतींसाठी महारेरा नोंदणी मिळवल्याचं उघड झालं होतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या इमारती पाडण्याचे आदेश दिले. त्यामुळे घर घेताना महापालिकेची परवानगी वेगळी तपासावी लागते.

शेवटची तपासणी: घर कोण उघडून दाखवतं?

वरच्या सगळ्या तपासण्यांतून एखादी हुशारीने केलेली बनावट जाहिरात सुटू शकते. पण फोटो चोरणाऱ्याकडे एक गोष्ट कधीच नसते, ती म्हणजे त्या घराची किल्ली.

म्हणून लाइव्ह व्हिडिओ कॉल मागा, आधी रेकॉर्ड केलेला व्हिडिओ नको. कॉल रस्त्यावरून सुरू व्हावा, मग गेट, जिना, दार आणि आत. आत गेल्यावर नळ सोडायला सांगा, पाण्याचा हौद आणि वीज मीटर दाखवायला सांगा. त्यानंतर महावितरणचं ताजं बिल मागा. त्यावरचं नाव, पत्ता आणि मीटर क्रमांक व्हिडिओत दिसलेल्या मीटरशी जुळायला हवा. बिलावरचं नाव आधीच्या मालकाचं असू शकतं. तसं असेल तर खरेदीची सूची क्रमांक २, म्हणजेच इंडेक्स टू, मागा. त्यात घर कुणी कुणाकडून घेतलं, याची नोंद असते.

तुम्ही बाहेरगावी असाल, तर सोलापुरातल्या नातेवाइकाला किंवा मित्राला एकदा पाठवा. आमच्या नमुना जाहिरातीतला माणूस इथे अडकतो. त्याला गेटपासचे २,४९९ रुपये हवे असतात आणि घर दाखवायचं नसतं. ते पैसे भरले की पुढे "डिपॉझिट बुकिंग", मग "करारनामा शुल्क", असे टप्पे निघत राहतात. प्रत्येक वेळी आधीचे पैसे परत मिळतील, असंच सांगितलं जातं. घर पाहण्याआधी मागितलेला कोणताही पैसा, मग त्याला गेटपास म्हणा, व्हिजिट चार्ज म्हणा की टोकन, हे थांबण्याचं कारण आहे. डिपॉझिट द्यायचं तर भाडेकरारावर ज्या मालकाचं नाव आहे, त्याच्याच बँक खात्यात द्या.

पैसे परत देण्यासाठी कुणी क्यूआर कोड पाठवला, तर तो स्कॅन करू नका. यूपीआय पिन पैसे देताना टाकावा लागतो, घेताना कधीच नाही.

पैसे गेलेच, तर?

ताबडतोब १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर फोन करा किंवा cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवा, आणि आपल्या बँकेलाही कळवा. पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात वेगाने फिरवले जातात. तक्रार लवकर पोहोचली, तर वाटेत कुठेतरी अडवलेली रक्कम वाचू शकते.

फोन करताना व्यवहाराची वेळ, रक्कम, ज्याला पैसे गेले तो यूपीआय आयडी आणि १२ अंकी व्यवहार क्रमांक जवळ ठेवा. व्हॉट्सअॅपवरचं बोलणं डिलीट करू नका. वेबसाइटचा स्क्रीनशॉट घेताना वरचा पूर्ण पत्ता दिसू द्या, कारण अशी वेबसाइट काही दिवसांत गायब होते आणि मागे पत्ता तेवढा उरतो. त्यानंतर जवळच्या पोलिस ठाण्यात तक्रार द्या. तुम्ही पुण्यात आणि घर सोलापुरात असलं, तरी हद्दीचं कारण सांगून तक्रार नाकारता येत नाही.

फोटोचा मूळ मालक तपासात सापडला असेल, तर त्यालाही कळवा. आपल्या घराचे फोटो दाखवून कुणीतरी पैसे गोळा करतंय, हे बहुतेक वेळा त्याला ठाऊकच नसतं. मूळ जाहिरात त्याच्याकडे असल्यामुळे, बनावट जाहिरात हटवण्याच्या त्याच्या तक्रारीला जास्त वजन असतं.